शाळेचं आवार कागदावर: सहावी-सातवीला नकाशा आणि प्रमाण शिकवताना

पहिल्या वर्षी माझ्या सातवीच्या पोरांनी शाळेच्या आवाराचा नकाशा काढला, चौकोन मोजून क्षेत्रफळ काढलं आणि फळ्यावर दिमाखात लिहिलं: सहा गुंठे. त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. एक वयस्कर सदस्य फळ्याकडे बघत म्हणाले, "आवो मॅडम, आमच्या बापानं बारा गुंठं दिल्यात शाळेला. निम्मी कुठं ग्येली?"

निम्मी कुठे गेली ते पुढे सांगते. त्यानंतर चार वर्षं हाच प्रकल्प दरवर्षी केलाय, आणि कुठे पाय घसरतो ते आता बऱ्यापैकी कळलंय. सातारा शहराच्या उत्तरेला असलेली आमची जिल्हा परिषदेची शाळा तशी साधीच आहे. चार खोल्या, एक व्हरांडा, झेंड्याचा कट्टा, हातपंप आणि एक जुना कडुनिंब. एवढं भांडवल पुरतं. साधारण आठ तासिका लागतात. दिवाळीनंतर सुरू करा, कारण पावसाळ्यात आवारात गवत गुडघ्याएवढं असतं आणि फक्की टिकत नाही.

काय काय लागेल

- ३० मीटरचा टेप (लांब उडीचा असतो तोच)
- सुतळी, चार-पाच खुंट्या, फक्की
- मीटरभर उंचीची सरळ काठी
- प्रत्येक गटाला ए-४ कागद, त्याच आकाराचा एक सेंटिमीटर चौकोनांचा कागद, ३० सेंमीची पट्टी, टोकदार पेन्सिल
- जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची ३० सेंमी लांब पट्टी आणि एक टाचणी (ही कशाला, ते पायरी ५ मध्ये)

शाळेच्या दप्तरात जागेचा उतारा असेल तर मुख्याध्यापकांकडून त्यातलं क्षेत्र लिहून घ्या, पण मुलांना सांगू नका. ते शेवटी लागेल.

१. आधी काडेपेटी, मग शाळा

मुलांना थेट मैदानावर नेलं की ती चित्र काढतात. झेंड्याचा खांब आडवा पडलेला, झाडाला खोड आणि वर फांद्या, खोलीला समोरून दिसणारं दार. नकाशा वरून बघितलेला असतो, हे त्यांच्या डोळ्यांत बसलेलं नसतं.

टेबलावर काडेपेटी, पाण्याची बाटली आणि डबा ठेवा. एकेकाला बाकावर उभं करून सरळ खाली बघायला लावा आणि दिसतं तेवढंच काढायला सांगा. बाटलीचं वर्तुळ झालं की निम्मं काम झालं. माझ्या वर्गात एकाने वर्तुळ काढलं आणि शेजारी हळूच बाटलीचं झाकण समोरून काढलं, "नाहीतर बाटली आहे हे कळणार कसं?" म्हणून. प्रश्न रास्त होता. खुणा आणि सूची कशासाठी असतात ते त्याच क्षणी सांगून टाकलं, त्यासाठी वेगळा तास घ्यावा लागला नाही.

२. उत्तर दिशा सावलीवरून काढा

"उत्तर कुठे?" असं विचारलं की निम्मा वर्ग आकाशाकडे बोट दाखवतो, कारण भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते. आमच्याकडे अजिंक्यतारा दक्षिणेला दिसतो, त्याचा उपयोग होतो: किल्ल्याकडे पाठ करून उभे राहा, तुमच्या समोर उत्तर. पण हा झाला अंदाज. नकाशावर बाण काढायचा तर नेमकी रेषा हवी.

सपाट जागी काठी ओळंब्यात रोवा. सकाळी ११ च्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करा. काठीच्या बुडाशी सुतळी बांधून त्या खुणेपर्यंतच्या लांबीचं वर्तुळ फक्कीने काढा. दुपारपर्यंत सावली आखडते, मग पुन्हा वाढायला लागते. तिचं टोक वर्तुळाला परत टेकेल तिथे दुसरी खूण करा. आमच्याकडे हे साधारण दोनच्या सुमारास होतं, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीनंतर दोन मुलं पहाऱ्यावर बसवा. पहिली खूण पश्चिमेला, दुसरी पूर्वेला. दोन्ही जोडणाऱ्या रेषेला काटकोनात काढलेली रेषा म्हणजे उत्तर-दक्षिण.

इथे दोन फसगती होतात. "बरोबर बारा वाजता सावली उत्तरेला पडते" असं बऱ्याच जणांना वाटतं. साताऱ्यात सूर्य सर्वात वर येतो तो घड्याळाच्या साडेबाराच्या आसपास, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि आपण ७४ अंशांवर आहोत. साडेआठ अंशांचा फरक, अंशाला चार मिनिटं, म्हणजे चौतीस मिनिटं. शिवाय महिन्यानुसार त्यात पाव तासापर्यंत मागे-पुढे होतं. दुसरी फसगत ऋतूची. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्यामुळे सावली दक्षिणेला पडते. जूनमध्ये शाळा भरल्याभरल्या कुणी हा प्रयोग केला आणि ढगांनी साथ दिली, तर बाण उलटा लागेल. वर्तुळाच्या रीतीत खुणा पूर्व-पश्चिमेच्या असल्याने ही चूक होत नाही, म्हणून मी तीच वापरते.

मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, पण लोखंडी फाटक आणि झेंड्याचा खांब यांच्यापासून लांब उभं राहून बघा. आमच्या फाटकाजवळ ते चक्क किल्ल्यालाच उत्तर म्हणत होतं.

३. पावलांनी मोजणी

टेप लगेच देऊ नका. फक्कीने २० मीटरची सरळ रेषा मारा आणि प्रत्येकाला ती तीनदा नेहमीच्या चालीने चालू द्या. एका मुलीला ३२ पावलं लागली, म्हणजे तिचं एक पाऊल ६२.५ सेंमी. हे तिने वहीच्या मलपृष्ठावर लिहिलं. मग फाटकाकडची कुंपणाची बाजू ती चालली: ६७ पावलं. ६७ गुणिले ६२.५ सेंमी, साधारण ४१.९ मीटर. दुसऱ्या दिवशी टेपने ४२ मीटर भरली.

पोरं मोजायला लागली की ढांगा टाकतात, विशेषतः मुलगे. ज्याचं उत्तर इतरांपेक्षा बरंच कमी येईल तो ढांगा टाकत होता असं समजा. पावलांचा खरा उपयोग नंतर होतो: टेपच्या वाचनात मोठी चूक झाली तर पावलांचा आकडा तिला पकडतो.

याच दिवशी कच्चा आराखडा काढून घ्या. त्यात प्रमाण नको, फक्त काय कुठे आहे ते. आवाराच्या कोपऱ्यांना अ, ब, क, ड अशी नावं द्या आणि भिंतीवर खडूने लिहा. नाहीतर प्रत्येक गटाचा "क" वेगळा निघतो.

४. टेपने मोजणी, आणि कर्ण विसरू नका

बहुतेक शिक्षक आवाराच्या चार बाजू मोजून थांबतात. मीही थांबले होते. चार बाजूंवरून चौकोन ठरत नाही. झाडूच्या चार काड्या दोऱ्याने बांधून मुलांच्या हातात द्या. बाजू त्याच राहतात आणि चौकोन मात्र हवा तसा कलतो. एक कर्ण मोजला की त्या चौकोनाचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण कलत नाही. सातवीला तीन बाजूंवरून त्रिकोण काढायला शिकवलेलंच असतं. ते इथे कामाला येतं.

आमच्या आवाराची मापं अशी आली:

- अब (फाटकाची बाजू): ४२ मीटर
- बक: ३० मीटर
- कड: ३८ मीटर
- डअ: ३२ मीटर
- कर्ण अक: ५० मीटर
- दुसरा कर्ण बड: ५१.२ मीटर (हा पडताळ्यासाठी, नकाशा काढताना वापरायचा नाही)

टेप ३० मीटरचा आणि कर्ण ५० चा, त्यामुळे मध्ये खुंटी ठोकावी लागते. ती खुंटी सरळ रेषेत आहे का हे एका मुलाने अ वर उभं राहून, क वर उभ्या असलेल्या मुलाच्या रोखाने एक डोळा मिटून बघायचं. कर्णात झाड आडवं आलं तर दुसरा कर्ण घ्या.

टेपचे तीन घोटाळे सांगते. एक, शून्य कुठे आहे ते आधी बघा: काही टेपांवर ते कडीच्या टोकाला असतं, काहींवर कडीनंतर. दोन, टेप झोळीसारखा लोंबला की माप जास्त येतं. ताणून धरा. तिसरा घोटाळा आमचा. टेपच्या एका बाजूला मीटर असतात, दुसऱ्या बाजूला फूट. एका गटाने खोलीची लांबी लिहिली १९.८ मीटर. त्याच गटातली एक मुलगी आराखडा बघत म्हणाली, "मॅडम, अशा दोन खोल्यांतच आवार संपतंय." खोली सहा मीटरची होती. टेपवर दिसले होते १९ फूट ८ इंच, आणि पोराने मध्ये टिंब देऊन टाकलं होतं.

५. प्रमाण निवडा आणि कागदावर उतरवा

इथे घाई करू नका, दोन तासिका द्या. प्रमाण तुम्ही सांगू नका, मुलांना निवडू द्या. ए-४ कागद २९.७ सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद. ४२ मीटरची बाजू त्यावर बसवायची आहे.

१ सेंमीला १ मीटर धरलं (१:१००) तर बाजू ४२ सेंमी होते, कागदाबाहेर जाते. १ सेंमीला ५ मीटर धरलं (१:५००) तर बाजू ८.४ सेंमी, आवार कोपऱ्यात जाऊन बसतं आणि सहा मीटरची खोली सव्वा सेंमीचीसुद्धा होत नाही. १ सेंमीला २ मीटर (१:२००) धरलं तर बाजू २१ सेंमी. आडव्या कागदावर नीट बसते, सूचीला आणि बाणाला जागा उरते. हे मुलांनी स्वतः करून बघितलं की "प्रमाण म्हणजे काय" याची व्याख्या पाठ करून घ्यावी लागत नाही.

१:२०० याचा अर्थ कागदावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे २०० सेंमी. दोन्हीकडे एकच एकक. "१ सेंमीला २०० मीटर" असं वाचणारं पोर प्रत्येक वर्गात निघतं. त्याला विचारा, मग आपलं आवार किती मीटर झालं?

आता काढायला घ्या. अब ही २१ सेंमीची रेषा कागदाच्या खालच्या बाजूला काढा. क बिंदू अ पासून २५ सेंमी आणि ब पासून १५ सेंमी. आणि इथेच पहिल्या वर्षी माझा सगळा वर्ग अडकला, कारण कंपासपेटीतला कंपास २५ सेंमी उघडतच नाही. त्यासाठी ती पुठ्ठ्याची पट्टी. एका टोकाला टाचणीने भोक पाडा, तिथपासून २५, १९, १६, १५ सेंमीवर पेन्सिलीचं टोक जाईल अशी भोकं पाडा. टाचणी अ वर रोवून २५ च्या भोकातून कंस काढा, मग ब वर रोवून १५ च्या भोकातून. कंस छेदतात तो क. तसंच अ पासून १६ आणि क पासून १९ वर ड. सुतळीने करू नका, ती ताणली जाते.

आता पडताळा. कागदावर बड मोजा. आमचं माप आलं २५.५ सेंमी, म्हणजे ५१ मीटर, आणि टेपने ५१.२ भरलं होतं. हा फरक चालतो. १:२०० मध्ये पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २० सेंमी, आणि याहून बारीक मोजणं पोरांच्या हाताला जमत नाही. फरक मीटरभर किंवा जास्त आला तर कुठलं तरी माप चुकलंय. पावलांचे आकडे काढा आणि बाजू एकेक करून ताडून बघा.

झाडं, हातपंप, खोल्यांचे कोपरे हे सगळं याच युक्तीने बसतं: प्रत्येक बिंदूसाठी दोन कोपऱ्यांपासूनची दोन अंतरं. आमचा कडुनिंब अ पासून ३० आणि ब पासून ३४ मीटर, म्हणजे १५ आणि १७ सेंमी. कंस दोन ठिकाणी छेदू शकतात, एक आवारात आणि एक रस्त्यापलीकडे. कुठला खरा ते आराखडा सांगतो. खोलीचे दोन कोपरे असे बसवले की उरलेली खोली गुण्याने आणि पट्टीने पूर्ण होते.

शेवटी उत्तरेचा बाण. हा कागदाच्या उभ्या कडेला समांतर असेलच असं नाही. मैदानावर फक्कीच्या उत्तर-दक्षिण रेषेजवळ कागद जमिनीवर ठेवा, नकाशातली अब खऱ्या अब ला समांतर होईपर्यंत फिरवा आणि बाण त्या रेषेला समांतर काढा. आमचा बाण डावीकडे झुकलेला आहे, आणि तो सरळ करायचा मोह दरवर्षी कुणाला तरी होतो.

६. निम्मी शाळा कुठे गेली

चौकोनी कागद उजेडाच्या खिडकीवर धरून त्यावर आवाराची हद्द गिरवा आणि आतले चौकोन मोजा. अर्ध्याहून जास्त आत असलेला चौकोन पूर्ण धरा, कमी असलेला सोडा. आमचे चौकोन आले ३०६.

त्या वर्षी मुलांनी केलं ३०६ गुणिले २, बरोबर ६१२ चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०१ चौरस मीटरच्या थोडा वर. भागलं आणि सहा गुंठे आले. मी फळ्यावर ते तसंच राहू दिलं होतं, कारण चूक मलाही दिसली नव्हती.

आजोबा गेल्यावर आम्ही मैदानावर गेलो. फक्कीने २ मीटर बाय २ मीटरचा चौकोन मारला आणि म्हटलं, नकाशातला एक चौकोन म्हणजे हा. आत एक मीटरचे चौकोन आखले. चार बसले. म्हणजे नकाशातला एक चौरस सेंटिमीटर चार चौरस मीटरचा, दोनचा नाही. ३०६ गुणिले ४, १२२४ चौरस मीटर. बारा गुंठे आणि वर थोडंसं. आता दप्तरातलं क्षेत्र मुलांसमोर उघडा.

हा चौकोन जमिनीवर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. फळ्यावर दोनाचा वर्ग चार सांगून सगळे माना डोलावतात आणि पुढच्या गणितात पुन्हा दोननेच गुणतात.

७. लहान प्रमाण, मोठं प्रमाण

१:५०० मोठं की १:२००? मुलं ५०० म्हणतात. एकाच भाकरीचे २०० वाटे केले आणि ५०० केले तर कुठला तुकडा मोठा, असं विचारा. १:२०० मोठं प्रमाण. त्यात जागा थोडी मावते, पण तपशील जास्त दिसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांचं नेहमीचं प्रमाण १:५०,०००. त्यात आमची ४२ मीटरची बाजू किती होईल ते मुलांना काढू द्या: ०.८४ मिलिमीटर. पेन्सिलीचा एक ठिपका. कडुनिंबाचं नावही नको.

८. रेषाप्रमाण काढल्याशिवाय झेरॉक्स नको

नकाशाखाली १:२०० लिहिलं तरी शेजारी रेषाप्रमाणही काढून घ्या: १० सेंमीची रेषा, दर अडीच सेंमीला खूण, खाली ०, ५, १०, १५, २० मीटर. पहिल्या खुणेवर ० लिहा. बरीच मुलं तिथे ५ लिहितात.

याची गरज आम्हाला दुसऱ्या वर्षी कळली. नकाशा भिंतीवर लावायला मोठा हवा होता म्हणून गावातल्या दुकानातून ए-४ ची ए-३ प्रत काढून आणली. खाली १:२०० तसंच छापून आलं. एका मुलाने पट्टी लावली, फाटकाची बाजू भरली २९.६ सेंमी, दोनने गुणून ५९ मीटर. तेच आजोबा शेजारी उभे होते. म्हणाले, "गेल्या साली निम्मी केली, आता रस्त्यात घुसवली व्हय?"

मग त्याच प्रतीवरची रेषा कागदाच्या कडेवर उतरवून घेतली आणि ती बाजूला लावली. नकाशाबरोबर रेषाही तेवढीच ताणली गेली होती. दोनदा पूर्ण बसली, म्हणजे ४० मीटर, आणि वर थोडं उरलं. १:२०० वर काट मारून आजोबांनीच सही केली.